91 दिवसांच्या ट्रेझरी बिलावर वर्षाला शेकडा किती पडले? हिशेब असा करा

ट्रेझरी बिल, म्हणजे सरकारने थोड्या मुदतीसाठी घेतलेल्या कर्जाचा कागद, विकत घेणं अजिबात अवघड नाही. दर्शनी किंमत 100, आपण देतो 98 रुपये आणि वर काही पैसे, मुदत संपली की सरकार पूर्ण 100 परत देतं. मधे व्याज नाही, कूपन नाही. जुन्या व्यापाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही; हुंडी वटावाने घ्यायची आणि मुदतीला पूर्ण रकमेने वसूल करायची, तोच प्रकार. अडतं ते पुढे. 98.66 ला घेतलेल्या कागदाचे 91 दिवसांनी 100 झाले, तर हा वर्षाचा दर किती? यावर इंटरनेटवर एकाच बिलाची चार उत्तरं मिळतात आणि चारही लोक छातीठोकपणे सांगत असतात.

उदाहरण घरचंच घेतो. माझ्या मेहुण्याचं म्हापशाला विजेच्या माळा आणि मखराच्या सामानाचं दुकान आहे. चवथीचा माल तो ऑगस्टमध्ये भरतो, त्यामुळे मे ते ऑगस्ट त्याचे दोनेक लाख चालू खात्यात नुसते पडून असतात. चालू खात्यावर व्याज शून्य. 91 दिवसांचं बिल अशा पैशासाठी अगदी मापाचं आहे. खालचे भाव मी हिशेबाच्या सोयीसाठी धरलेत. तुमच्या आठवड्याचा भाव वेगळा असेल, रीत तीच.

खातं आणि बोली

आरबीआय रिटेल डायरेक्ट या रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर खातं उघडा. पॅन, बँक खातं आणि केवायसी लागते. उघडायला किंवा चालवायला पैसे पडत नाहीत. बिलं तीन मुदतींची असतात: 91, 182 आणि 364 दिवस. लिलाव साधारणपणे दर बुधवारी होतो आणि पैशांचा व्यवहार दुसऱ्या दिवशी, गुरुवारी. दर्शनी किमतीने किमान 10,000 रुपये आणि पुढे 10,000 च्याच पटीत. भाव तुम्ही सांगायचा नाही, फक्त रक्कम सांगायची. मोठ्या बँका भाव लावून भांडतात, त्यांच्या मंजूर बोलींची जी भारित सरासरी निघेल त्या भावाने तुम्हाला बिल मिळतं. बोली कधी बंद होणार ते पोर्टलवर त्या लिलावासमोर लिहिलेलं असतं. मी मंगळवारी संध्याकाळीच लावून मोकळा होतो.

एक गोष्ट गोव्यातल्यांसाठी. लिलाव आपल्या सुट्ट्या बघत नाही, मुंबईच्या बघतो. 2025 साली 3 डिसेंबरला, म्हणजे जुन्या गोव्याच्या फेस्ताला, नेमका बुधवार होता. पणजीत बँका बंद, मुंबईत बाजार चालू. शाखेत जाऊन पैसे फिरवायचे असतील तर ते आदल्या दिवशीच करून ठेवा.

खरा भाव शोधा

लिलावाच्या निकालात रिझर्व्ह बँक दोन भाव देते: कट-ऑफ, म्हणजे मंजूर झालेला सगळ्यात कमी भाव, आणि भारित सरासरी. बातम्यांत बहुतेकदा कट-ऑफचा परतावा येतो, कारण तो थोडा जास्त दिसतो. आपल्याला मिळतो सरासरी भाव, आणि तो कट-ऑफइतकाच किंवा त्याहून किंचित महाग असतो. समजा कट-ऑफ 98.65 आणि सरासरी 98.66 असेल, तर बातमीत 5.49 टक्के येईल आणि तुमच्या हाती 5.45 पडतील. कुणी फसवलेलं नसतं. आपण दुसऱ्याचा भाव वाचलेला असतो.

तर मेहुण्याचं बिल: दर्शनी 2,00,000, भाव 98.66, दिलेले पैसे 1,97,320, नफा 2,680. बोली लावताना भाव ठाऊक नसल्यामुळे थोडे जास्त पैसे अडकवून घेतात, उरलेले नंतर सुटतात. हिशेबात अडकवलेली रक्कम धरू नका. प्रत्यक्ष वळती झालेली धरा.

वार्षिक दर: इथे थांबा, घाई करू नका

पहिल्यांदा मी हा हिशेब केला तेव्हा चुकलो. नुसता चुकलो नाही, चूक बरोबर आहे याचा पुरावाही स्वतःच तयार केला.

झालं असं. कागदावर मी केलं ते सरळ होतं: शंभरावर 1.34 रुपये सुटले, दिवस 91, वर्षाचे 365. 1.34 गुणिले 365 भागिले 91, उत्तर 5.37 टक्के. मनाला पटेना, कारण निकालात त्या भावासमोर 5.45 लिहिलं होतं. मग एक्सेल उघडलं. त्यात ट्रेझरी बिलासाठी `TBILLYIELD` नावाचं तयार सूत्रच आहे. तारखा घातल्या, भाव घातला, उत्तर आलं 5.37 टक्के. हातानेही 5.37, संगणकानेही 5.37. त्या दिवशी मी ठामपणे ठरवलं की निकालातच काहीतरी घोळ आहे, आणि मेहुण्यालाही तसंच सांगितलं. त्याने लगेच विचारलं, "भावोजी, रिझर्व्ह बँक चुकली आणि आपण बरोबर, असं म्हणायचं का?" दुकानदार माणूस, त्याला वास आला होता.

चुका दोन होत्या, दोन्ही वेगळ्या, आणि योगायोगाने जवळपास सारख्याच मापाच्या.

माझी हाताची चूक अशी की मी नफ्याला 100 ने भागलं. पण मी 100 गुंतवले कुठे होते? गुंतवले 98.66. शंभर तर शेवटी हातात येणार. दुकानात 80 ला आणलेली माळ 100 ला विकली तर नफा खरेदीवर शेकडा 25 धरायचा की विक्रीवर 20, हे ज्याला त्याला कळतं. पैसे कामाला लावले त्याचा दर काढायचा असेल तर भागायचं खरेदीनेच. दर्शनी किमतीने भागलं की जो आकडा येतो तो वटावाचा दर. तो परतावा नाही.

एक्सेलची चूक ही खरं तर चूकच नाही. ते सूत्र अमेरिकी रिवाजाचं आहे आणि तिथे वर्ष 360 दिवसांचं धरतात. सूत्र खरेदी किमतीने भागतं, ते बरोबर. पण मग 365 ऐवजी 360 ने गुणतं. आपल्याकडे ट्रेझरी बिलांना वर्ष 365 दिवसांचं. आता गंमत बघा. 98.66 ऐवजी 100 ने भागलं की उत्तर स्वतःच्याच शेकडा 1.34 ने घटतं. 365 ऐवजी 360 धरलं तरीही साधारण तेवढंच घटतं. म्हणून दोन वेगळ्या चुकीच्या वाटांनी मी एकाच चुकीच्या जागी पोचलो आणि वाटलं, ताळा जमला. तिसऱ्या-चौथ्या दशांशापर्यंत पाहिलं असतं तर 5.3747 आणि 5.3731 असा फरक दिसला असता. पाहिलं नाही.

बरोबर रीत तीनच पायऱ्यांची आहे. नफा काढा: 100 वजा 98.66, म्हणजे 1.34. त्याला दिलेल्या भावाने भागा: 1.34 भागिले 98.66, म्हणजे 0.013582, हा 91 दिवसांचा दर, शेकडा 1.36. त्याला 365 ने गुणा आणि दिवसांनी भागा: 5.45 टक्के. एक्सेलमध्ये तयार सूत्राच्या नादी न लागता हे लिहा. B1 मध्ये भाव, B2 मध्ये पैसे गेल्याची तारीख, B3 मध्ये मुदतीची तारीख:

```
=(100-B1)/B1*365/(B3-B2)
```

काही अमेरिकी संकेतस्थळांवर दोन्ही रिवाज एकत्र असतात, दर्शनी किमतीने भागायचं आणि वर्ष 360 चं. त्या मापाने आपलंच बिल 5.30 टक्के दिसतं. त्यांच्या बिलांना त्यांचं माप लावतात ते ठीक; आपल्या बिलाला ते लावून "सरकार कमी देतंय" अशी ओरड करू नये. ही ओरड मी ओळखीच्या, शिकल्यासवरल्या माणसाकडून ऐकली आहे.

ही चूक 91 दिवसांत आठ पैशांची वाटते, म्हणून लोक सोडून देतात. मुदत वाढली की ती फुगते. 364 दिवसांचं बिल 94.80 ला मिळालं असं धरा. 100 ने भागलं तर 5.21 टक्के, 94.80 ने भागलं तर 5.50. आता ती शंभरामागे एकोणतीस पैशांची चूक झाली, आणि एफडीशी तुलना करताना एवढ्याने निर्णय फिरू शकतो.

दिवस मोजताना

दोन्ही टोकं मोजू नका. 7 मे ला पैसे गेले आणि 6 ऑगस्टला परत आले, तर मे चे 24, जूनचे 30, जुलैचे 31 आणि ऑगस्टचे 6, मिळून 91. बोटावर 7 मे धरून मोजायला लागलात की 92 होतात. सोपा ताळा: 91 म्हणजे 13 आठवडे, म्हणून गुरुवारी गेलेले पैसे गुरुवारीच आले पाहिजेत. मधे सुट्टीमुळे तारीख सरकली असेल तर बिलाच्या नावावरचा आकडा विसरा आणि प्रत्यक्ष तारखांतलं अंतर घ्या. तसंच मधल्या काळात दुसऱ्याकडून जुनं बिल घेतलंत तर उरलेले दिवस धरायचे, मूळचे 91 नाहीत.

5.56 चं आमिष

आता चौथं उत्तर. काही जण म्हणतील, 5.45 ही साधी आकारणी झाली. नफा पुन्हा पुन्हा गुंतवला तर चक्रवाढीने वर्षाला 5.56 टक्के पडतात. गणित खरं आहे:

```
=(100/B1)^(365/(B3-B2))-1
```

पण ते दोन गोष्टी गृहीत धरतं. वर्षभर प्रत्येक वेळी हाच भाव मिळेल, हे एक. ते कुणाच्या हातात नाही. दुसरी गोष्ट छोट्या माणसाला हमखास अडवते. मेहुण्याला 2,00,000 परत मिळाले आणि त्याने पुन्हा 2,00,000 चं बिल घेतलं, तर लागतात 1,97,320. उरले 2,680. या उरलेल्याचं आणखी एक बिल घ्यायचं तर 10,000 ची पट हवी, म्हणजे 9,866 रुपये. ते जमायला चार फेऱ्या लागतात, आणि तोवर वर्ष संपतं. म्हणजे नफ्यावर नफा सुरूच होत नाही. दोनेक लाखांच्या माणसाने 5.56 चा विचार डोक्यातून काढावा. त्याचा आकडा 5.45.

तोही पूर्ण मिळेल असं नाही, आणि हे मला दुसऱ्या फेरीला कळलं. मुदतीचे पैसे गुरुवारी खात्यात आले. पण त्या आठवड्याचा लिलाव आदल्या दिवशी, बुधवारी होऊन गेला होता, आणि त्यात बोली लावायला पैसे आधी खात्यात हवे होते. पुढचा लिलाव पुढच्या बुधवारी, बिल गुरुवारी. सात दिवस पैसा मोकळा. म्हणजे त्याच पैशावर फिरत राहायचं तर एक फेरी 91 दिवसांची नाही, 98 ची. साध्या आकारणीच्या पहिल्या सूत्रात दिवसांच्या जागी 98 घाला: 5.06 टक्के. त्या सात दिवसांचं बचत खात्यावरचं जे काही व्याज मिळेल ते वर धरा, चालू खातं असेल तर तेही नाही.

यावर माझा उपाय साधा आहे. बिल संपायच्या आठवड्यात तेवढी रक्कम दुसरीकडून उभी करता येत असेल तर मंगळवारी बोली लावतो आणि गुरुवारी आलेल्या पैशांनी ती भरून काढतो. नसेल जमत तर लांब मुदतीचं बिल घेतो, म्हणजे असे खड्डे कमी पडतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2025 मध्ये रिटेल डायरेक्टवर आपोआप बोली लावण्याची सोय जाहीर केली, त्यात पुन्हा गुंतवणुकीचाही पर्याय आहे. ती वापरलीत तरी पहिल्या फेरीनंतर पासबुक उघडा आणि पैसे आल्याची आणि पुन्हा गेल्याची तारीख बघा. त्यात अंतर असेल तर ते हिशेबात धरा.

तुलना करताना

91 आणि 364 दिवसांच्या बिलांची तुलना सुटलेल्या रुपयांवर करू नका. मेहुण्याने केली. म्हणाला, "2 लाखांच्या 364 दिवसांच्या बिलावर 10,400 सुटतात, आणि 91 चं चार वेळा घेतलं तर 10,720. मग लहानच बरं की!" दिसायला बरोबर. पण पहिल्यात त्याचे 1,89,600 अडकले असते आणि दुसऱ्यात प्रत्येक वेळी 1,97,320. लाखामागे काढा: पहिलं 5,485 रुपये, दुसरं 5,433. लांबचं बिल थोडं वरचढ, आणि तेही मधल्या रिकाम्या आठवड्यांचा तोटा न धरता. अर्थात त्याला पैसे ऑगस्टमध्ये हवे होते, त्यामुळे 364 चा प्रश्नच नव्हता. मुदतीआधी विकता येतं, पण छोट्या रकमेला हवा तो गिऱ्हाईक हवा त्या दिवशी मिळेलच असं नाही, आणि भाव पडलेला असेल तर सगळा हिशेब वाहून जातो. चवथीच्या मालाचा पैसा असा टांगून ठेवू नये.

एफडीशी तुलना करताना सारखं सारख्याशी जोडा. तीन महिन्यांच्या एफडीवर बहुतेक बँका साधं व्याज देतात, त्यामुळे तिचा जाहीर दर आणि आपला 5.45 हे सरळ समोरासमोर ठेवता येतात. वर्षाच्या एफडीवर मात्र व्याज तिमाहीला मुद्दलात मिळतं. बँक 6.25 म्हणत असेल तर वर्षाअखेर हातात येतात 6.40. त्याच्यासमोर 364 दिवसांच्या बिलाचा 5.50 ठेवायचा; 91 दिवसांच्या बिलाचा चक्रवाढीने फुगवलेला आकडा नाही. या उदाहरणात एफडी जिंकते आणि ते मान्य करायला लाज वाटू नये. बिलाच्या बाजूने एवढंच की पैसे बुडायची भीती नाही, रक्कम कितीही असो. बँकेच्या ठेवीला विम्याचं कवच एका बँकेत 5 लाखांपर्यंत, आणि सहकारी बँकेच्या खिडकीपुढे रांगा लागलेल्या पाहिलेल्या माणसाला या फरकाची किंमत कळते.

कर दोन्हीकडे तुमच्या स्लॅबनेच. एफडीवर बँक ठरावीक मर्यादेपलीकडे टीडीएस कापते, बिलावर कापत नाही. म्हणून बिलाचा नफा विवरणपत्रात दाखवायचं तुमच्या लक्षात राहायला हवं. तो कुठल्या रकान्यात टाकायचा ते सीएकडून विचारून घ्या. वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये 2,680 मधले 536 जातात, सेस वेगळा. उरलेल्या 2,144 वर तेच सूत्र चालवलं की 4.36 टक्के. एफडीचा आकडाही असाच कर कापून घ्या, मगच शेजारी ठेवा.

मेहुण्याने यंदा हे सगळं एका वहीच्या पानावर लिहून गल्ल्याच्या वरच्या बाजूला चिकटवलंय: भाव, गेल्याची तारीख, आल्याची तारीख, आणि खाली लाल पेनाने "100 ने भागू नये".